पहिल्या दोन वर्षांचा लॉस शीटमध्ये नेमका कुठे बसवायचा?

पत्र: नमस्कार दादा, आम्ही निफाडजवळ कांदा-लसूण सुकवून फ्लेक्स आणि पावडर करायचं युनिट टाकतोय. नवीन प्रायव्हेट लिमिटेड कंपनी, मशिनरी २ कोटींची, सगळा पैसा घरचाच, शेड भाड्याने. घसारा आणि टॅक्सच्या आधीचा कॅश नफा असा धरलाय: पहिल्या वर्षी ३० लाख लॉस, दुसऱ्या वर्षी १० लाख लॉस, मग ५०, ९०, ११० आणि पुढची तीन वर्षं १२०-१२० लाख. डिस्काउंट रेट १४ टक्के. सीएंच्या ऑफिसमधल्या मुलाच्या शीटमध्ये एनपीव्ही उणे ५.९ लाख येते, म्हणजे प्रोजेक्ट करू नका. माझा भाऊ एमबीए आहे, त्याच्या शीटमध्ये अधिक १४.३ लाख येते. आकडे सेम, फरक फक्त टॅक्सच्या ओळीत. खरं कोणाचं? वडिलांची कांद्याची पेढी आहे (प्रोप्रायटरशिप, नफ्यात), आणि पुण्याचे एक नातेवाईक तिसऱ्या वर्षी ६० टक्के शेअर घेऊन पैसे टाकायला तयार आहेत, त्याचा यात काही संबंध येतो का? – निफाडहून एक वाचक

उत्तर: ताई, दोघांचंही चुकलंय, आणि गंमत म्हणजे खरा आकडा दोघांच्या मधेच कुठेतरी आहे, अधिक ९ लाखांच्या आसपास. तुम्ही दिलेल्या आकड्यांवर मी स्वतः मांडून बघितलं, तेच खाली सांगतो. दर मी २५.१६८ टक्के धरलाय, म्हणजे कंपन्यांच्या सवलतीच्या स्कीममधले २२ टक्के, त्यावर १० टक्के सरचार्ज आणि ४ टक्के सेस. ही स्कीम फॉर्म भरून घ्यावी लागते आणि एकदा घेतली की मागे फिरता येत नाही, पण तिच्यात मॅटची, म्हणजे पुस्तकी नफ्यावरच्या किमान टॅक्सची, भानगड नाही, म्हणून हिशोब सोपा राहतो.

आधी घसारा. मशिनरीवर १५ टक्के, तोही उरलेल्या किमतीवर, म्हणजे पहिल्या वर्षी ३० लाख, मग २५.५, २१.७, १८.४ असा उतरत जातो (पहिल्या वर्षी मशीन १८० दिवसांपेक्षा कमी चाललं तर निम्माच मिळतो, त्यामुळे ऑक्टोबरचा पहिला आठवडा उलटल्यावर सुरू होणार असाल तर पहिल्या वर्षी ३० ऐवजी १५ धरा). तर टॅक्सच्या नजरेने पहिल्या वर्षी ३० लाख धंद्याचा लॉस आणि ३० लाख घसारा मिळून ६० लाख, दुसऱ्या वर्षी १० आणि २५.५ मिळून ३५.५ लाख. दोन वर्षांत एकूण ९५.५ लाखांचा लॉस साचला. या ९५.५ लाखांवरचा टॅक्स होतो २४ लाख. सगळं भांडण या २४ लाखांचं आहे, ते कधी आणि कुठल्या वर्षी खिशात पडतात याचं.

ऑफिसमधल्या मुलाने काय केलं, तर लॉसच्या वर्षी टॅक्स शून्य लिहिला, तिथपर्यंत ठीक, पण तिसऱ्या वर्षी २८.३ लाख नफा दिसल्याबरोबर त्यावर ७.१ लाख टॅक्स लावला आणि चौथ्या वर्षी ७१.६ लाखांवर १८ लाख. मागचा ९५.५ लाखांचा लॉस तो विसरूनच गेला. बहुतेक एक्सेलमध्ये दर वर्षाला वेगळा MAX लावून टाकला असणार, ही फार कॉमन चूक आहे, मी स्वतः सुरुवातीला एका डेअरीच्या प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये नेमकी हीच केली होती आणि मीटिंगमध्ये समोरच्या माणसाने शांतपणे विचारलं होतं की मागचा लॉस कुठं गेला.

तुमच्या भावाने उलटं केलं. लॉसच्या वर्षी उणे टॅक्स म्हणजे इनफ्लो दाखवला, पहिल्या वर्षी १५.१ लाख आले, दुसऱ्या वर्षी ८.९ लाख आले. कुठून आले? सरकार लॉसवर चेक देत नाही. एमबीएच्या पुस्तकातलं उदाहरण मोठ्या चालू कंपनीचं असतं, तिच्या बाकीच्या धंद्यात नफा असतो, नव्या प्रोजेक्टचा लॉस त्याच वर्षी त्या नफ्यातून वजा होतो आणि टॅक्स खरोखर तेवढा कमी भरावा लागतो, म्हणून तिथे उणे टॅक्स बरोबर आहे. तुमच्या नव्या कंपनीत दुसरा धंदाच नाही, मग कशातून वजा करणार?

अजून एक शक्यता, त्याने आकडा ताळेबंदाच्या प्रोजेक्शनमधून उचलला असेल. तिथे डिफर्ड टॅक्स अॅसेट म्हणून लॉसच्या वर्षी टॅक्सचा क्रेडिट पडलेला दिसतो आणि नफा-तोटा पत्रकातला लॉस कमी दिसतो. पण ती नुसती एन्ट्री असते हो, बँकेत एक रुपया येत नाही. आणि खरं तर अकाउंटिंग स्टँडर्ड २२ प्रमाणे लॉसवरचा असा अॅसेट दाखवायला पुढे नफा होणारच याची जवळपास पक्की खात्री आणि तिला पटण्यासारखा पुरावा लागतो, नुसत्या प्रोजेक्शनवर नवख्या कंपनीला ऑडिटर सहसा तो दाखवूच देत नाही.

आता बरोबर मांडणी. पहिल्या, दुसऱ्या वर्षी टॅक्स शून्य. तिसऱ्या वर्षी नफा २८.३ लाख, पण साचलेल्या लॉसमधून २८.३ वजा, टॅक्स शून्यच. लॉस उरला ६७.२ लाख. चौथ्या वर्षी नफा ७१.६, त्यातून ६७.२ वजा, उरले ४.४ लाख, त्यावर टॅक्स जेमतेम १.१ लाख. पाचव्या वर्षापासून पूर्ण टॅक्स. म्हणजे २४ लाखांची बचत झालीच, पण तिसऱ्या वर्षी ७.१ आणि चौथ्या वर्षी १६.९ अशी, आणि १४ टक्क्यांनी आजच्या किमतीत आणली तर ती १४.८ लाख भरते. भावाच्या पद्धतीने तीच बचत पहिल्या-दुसऱ्या वर्षी पडल्यामुळे २०.१ लाख भरते, आणि ऑफिसच्या शीटमध्ये शून्य. उणे ५.९ मध्ये १४.८ मिळवा, अधिक ९ लाख. भावाच्या आकड्यात आणि खऱ्या आकड्यात ५.३ लाखांचा जो फरक आहे तो निव्वळ वाट बघण्याचा खर्च आहे, टॅक्स तेवढाच वाचतो पण दोन-तीन वर्षं उशिरा.

एक्सेलमध्ये हे तीन ओळींत बसतं. समजा ओळ ५ मध्ये त्या वर्षीचा घसाऱ्यानंतरचा नफा किंवा उणे लॉस आहे, ओळ ६ मध्ये मागच्या लॉसची वजावट, ओळ ८ मध्ये वर्षाअखेर शिल्लक लॉस आणि ओळ ९ मध्ये टॅक्स. पहिलं वर्ष C कॉलममध्ये, B8 मध्ये शून्य टाकून ठेवा. मग C6, C8 आणि C9 मध्ये याच क्रमाने:

```
=MIN(MAX(C5,0),B8)
=B8+MAX(-C5,0)-C6
=(MAX(C5,0)-C6)*25.168%
```

हे उजवीकडे ओढत न्या. चेक करायची युक्ती अशी की ओळ ६ ची बेरीज आणि शेवटची शिल्लक मिळून एकूण लॉसएवढी, म्हणजे तुमच्या केसमध्ये ९५.५ यायला पाहिजे. कमी आली तर कुठेतरी लॉस गळालाय, जास्त आली तर दोनदा वापरलाय.

पण ताई, हे झालं शीटपुरतं. खऱ्या आयुष्यात ९५.५ लाख हा एकच ढीग नसतो, दोन ढीग असतात आणि दोघांचे नियम वेगळे, आणि पैसा इथेच बुडतो. पहिला ढीग धंद्याचा लॉस, तुमच्याकडे ३० आणि १० मिळून ४० लाख. हा पुढची ८ वर्षंच नेता येतो आणि पुढे नेला की फक्त धंद्याच्याच नफ्यातून वजा होतो. दुसरा ढीग न शोषला गेलेला घसारा, तुमचा ५५.५ लाख, त्याला वर्षांची मर्यादा नाही. वापरायचा क्रमही ठरलेला आहे, आधी चालू वर्षाचा घसारा, मग मागचा धंद्याचा लॉस, मग मागचा घसारा, म्हणजे मुदत असलेला माल आधी खपतो, ते आपल्या फायद्याचंच आहे. तुमचा सगळा लॉस चौथ्या वर्षीच संपतोय त्यामुळे ८ वर्षांची भीती नाही. (१ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आलाय आणि कलमांचे नंबर बदललेत, म्हणून मुद्दाम नंबर देत नाहीये, सीएंना 'धंद्याचा लॉस' आणि 'मागचा घसारा' एवढं म्हटलं तरी पुरे.)

काही जण म्हणतात लॉसच्या वर्षी घसारा घेऊच नका, नफ्याच्या वर्षांसाठी राखून ठेवा. तसं चालत नाही, तुम्ही घ्या न घ्या, तो घेतला असंच कायदा धरतो.

धंद्याचा लॉस पुढे न्यायचा तर त्या लॉसच्या वर्षाचं रिटर्न मुदतीत भरावंच लागतं, कंपनीला ही तारीख साधारण ३१ ऑक्टोबर असते. एक दिवस उशीर झाला तरी त्या वर्षाचा धंद्याचा लॉस पुढे जात नाही, घसारा मात्र जातो. आणि नेमकं पहिल्याच वर्षी हे होतं, कारण टॅक्स तर भरायचाच नाहीये, मग घाई कशाला, ऑडिट आरामात होऊ दे, असं सगळ्यांना वाटतं. तुमच्या आकड्यांवर बघा काय होतं: पहिल्या वर्षाचं रिटर्न उशिरा गेलं तर ३० लाखांचा ढीग गेला, चौथ्या वर्षी ७.५५ लाख जास्त टॅक्स, आजच्या किमतीत ४.५ लाख. एनपीव्ही ९ वरून ४.५ वर. म्हणजे एका तारखेने अर्धा प्रोजेक्ट खाल्ला. उशीर माफ करा असा अर्ज करता येतो, पण त्याचं उत्तर कधी येईल आणि काय येईल यावर शीट बांधू नका.

दुसरी एक गळती अशी की धंदा उभाच राहिला नाही, मशीन बसतायत, लायसन्सची कामं चालू आहेत, तेव्हाचे पगार आणि भाडं हे लॉसमध्ये धरलेलं असतं. धंदा उभा राहायच्या आधीचा खर्च लॉस म्हणून वजा होत नाही, त्यातला काही मशिनरीच्या किमतीत जातो, काही पाच वर्षांत वाटून मिळतो आणि काही मिळतच नाही. तुमच्या पहिल्या वर्षीच्या ३० लाखांत असे किती महिने आहेत ते सीएंकडून वेगळं काढून घ्या.

आता पुण्याचे नातेवाईक. इथे लक्ष द्या, कारण हा तुमच्या पत्रातला सगळ्यात महाग प्रश्न आहे. तुमच्यासारख्या मोजक्या शेअरहोल्डरांच्या कंपनीत नियम असा आहे की ज्या वर्षी लॉस झाला त्या वर्षाच्या शेवटच्या दिवशी जे लोक मालक होते, त्यांच्याकडेच लॉस वापरायच्या वर्षाच्या शेवटच्या दिवशीही निदान ५१ टक्के मतदानाचे शेअर असायला हवेत. नातेवाईकांनी तिसऱ्या वर्षी ६० टक्के घेतले तर ३१ मार्चला तुम्ही घरचे ४० वर, झालं, मागचा ४० लाखांचा धंद्याचा लॉस तिथेच संपला, १०.१ लाखांचा टॅक्स वाढला. एनपीव्ही ९ वरून ३ वर येते. घसाऱ्याच्या ढिगाला मात्र हे बंधन लागत नाही असंच धरलं जातं.

आणि हेच शेअर जर तिसऱ्या वर्षाच्या मार्चऐवजी चौथ्या वर्षाच्या एप्रिलमध्ये दिले तर? तिसऱ्या वर्षी २८.३ लाखांचा धंद्याचा लॉस तुम्ही वापरून मोकळे झालेले असाल, बुडेल फक्त उरलेला ११.७ लाख, टॅक्सचा फटका २.९ लाख. काही आठवड्यांच्या तारखेने ७.१ लाख. आणखी वर्षभर थांबले तर धंद्याचा लॉस चौथ्या वर्षीच संपलेला, फटका शून्य. किंवा मग ६० ऐवजी ४९ वर बोला, बाकीचा पैसा कर्ज म्हणून घ्या. शेअर देण्याघेण्याच्या बोलण्यात लोक भाव करतात, बोर्डावर कोण बसणार यावर भांडतात, आणि या ३१ मार्चकडे कोणाचं लक्ष नसतं. (वडिलांनी तुम्हाला किंवा भावाला शेअर गिफ्ट दिले किंवा वारसाने आले तर ते या मोजणीत अडचण करत नाहीत, त्याची काळजी नको. आणि सरकारी मान्यतेच्या पात्र स्टार्टअपला वेगळी सवलत आहे, कंपनी स्थापन झाल्यापासून पहिल्या १० वर्षांतल्या लॉससाठी जुने सगळे शेअरहोल्डर आपापले शेअर न विकता राहिले तर ५१ चा नियम आड येत नाही, पण त्यासाठी आधी त्या व्याख्येत बसावं लागतं आणि कांद्याची पावडर त्यात आपोआप बसत नाही.)

राहिली वडिलांची पेढी. पेढी आणि कंपनी टॅक्सला दोन वेगळे लोक, त्यामुळे कंपनीचा लॉस पेढीच्या नफ्यातून वजा होणार नाही, दोन्हींचे मालक घरचे असले तरी नाही. एलएलपी काढलीत तरी तेच, लॉस एलएलपीतच राहतो. पण हेच युनिट वडिलांच्या पेढीतच टाकलं असतं तर पहिल्या वर्षाचा ६० लाखांचा लॉस त्याच वर्षी पेढीच्या कांद्याच्या नफ्यातून वजा झाला असता, अर्थात पेढीला तेवढा नफा असला तर, आणि मग भावाची शीट जवळपास बरोबर ठरली असती. पण मग सगळ्या देणेदारीची जबाबदारी वडिलांच्या अंगावर, नातेवाईकांना शेअर द्यायची सोय नाही, आणि पाचव्या वर्षानंतर मोठ्या नफ्यावर व्यक्तीचा वरचा स्लॅब, जो २५.१६८ पेक्षा जास्त बसतो. माझं मत विचाराल तर ५ लाखांच्या फरकासाठी २ कोटींचा धंदा वडिलांच्या नावावर ठेवू नका, पण हा हिशोब एकदा सीएंसमोर बसून कंपनी रजिस्टर व्हायच्या आधी करा, नंतर बदलणं अवघड.

शेवटी एक गोष्ट जी दोन्ही शीटमध्ये कोणी बघितली नाही. चौथ्या वर्षी टॅक्स १.१ लाख, हातात ८८.९ लाख उरतात. पाचव्या वर्षी नफा ९० वरून ११० वर गेला, पण लॉसची ढाल संपली, टॅक्स २३.७ लाख, हातात ८६.३. म्हणजे धंदा वाढला आणि कॅश कमी झाली. आणि हा टॅक्स वर्षाअखेर एकदम नाही भरायचा, अॅडव्हान्स टॅक्सच्या हप्त्याने भरायचा, १५ जूनला १५ टक्के म्हणजे साडेतीन लाखांच्या वर, १५ सप्टेंबरपर्यंत ४५, १५ डिसेंबरपर्यंत ७५ आणि १५ मार्चला पूर्ण. उन्हाळ कांद्याची खरेदी मार्च ते मे, पैसा मालात अडकलेला, आणि जूनमध्ये पहिला हप्ता. पहिली तीन वर्षं हा हप्ता नसतोच आणि चौथ्या वर्षी किरकोळ असतो म्हणून कोणाच्या डोक्यातच नसतं. बँकेकडून पुढे वर्किंग कॅपिटलची लिमिट घेणार असाल तर चौथ्या वर्षाचा आकडा दाखवून घेऊ नका, पाचव्याचा दाखवून घ्या, आणि त्या वर्षाचं शीट महिन्याच्या पातळीवर मांडा, वर्षाच्या नाही.